झाकण काढलं, मंग?

आमच्या वाचन मंडळाचे किस्से सांगायला बसलं की मळणीनंतरच्या भुशासारखं, कुटारासारखं होतं. एक घमेलं भरून बाजूला टाकावं, तर मागचा ढीग तेवढाच! मंडळाला फक्त अडीच वर्षं झालीत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ऊन उतरलं की बसायचं. जागा म्हणजे गावचं समाजमंदिर. आसेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की पहिलंच.

मंडळ चालवतात गावंडे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातून छड्या खाल्ल्यात, त्यामुळे उपस्थिती चांगली असते. त्या वर्तमानपत्रातला नाहीतर एखाद्या माहितीपुस्तिकेतला उतारा मोठ्याने वाचतात आणि मधेच थांबून एखादा साधा प्रश्न विचारतात. मंडळाचं काम एवढंच.

मी बंगळुरूत सहा वर्षं शिकून परत आले. गावासाठी काहीतरी करायचं हे ठरवूनच आले होते. ते 'काहीतरी' म्हणजे समाजमंदिरासमोरचं जुनं पेव. पूर्वी ज्वारी साठवायची जमिनीखालची कोठी, तिला पेव म्हणतात. ते उघडून साफ करायचं आणि गावाची ज्वारी पुन्हा त्यात भरायची. साफ करायला आत उतरणार होता गजानन, माझा चुलतभाऊ. बावीस वर्षांचा, काडीसारखा बारीक. उतरायचं त्याला मीच तयार केलं होतं. म्हणून हे किस्से मी हसत सुरू करते, पण सगळे हसत संपवता येत नाहीत.

•

मंडळातला माझा पहिला दिवस. मी प्रश्नावली तयार करून आणली होती. चार पानं! समोर दाजीबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला उपरणं, हातात काठी. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "दाजीबा, धान्यसाठवणुकीबद्दल तुमच्याकडे कोणतं पारंपरिक ज्ञान आहे?"

दाजीबांनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ग्यान? आमी अडानी मानसं, माय. ग्यान तं तुमच्या शयरात असते."

रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं झालं.

बाई मसुराची डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "दाजीबा, ज्वारीचं बी कशात ठेवत होता?"

"कशात म्हंजे? कनगीत."

"तशीच ओतायची?"

"तशी कशी? आंधी कनगी शेनानं सारवा लागते. आतून बी, भायेरून बी. तिले चार रोज ऊन द्या लागते. मंग बियात राख कालवाची. राख बी चुलीतली, पन गार. कोमट राख टाकली का बी मेलं!"

पुढची चाळीस मिनिटं दाजीबा बोलत होते. कडुलिंबाचा पाला कधी तोडायचा, वाळवायचा कुठे, दाताखाली दाणा कसा वाजला म्हणजे ओल गेली समजायचं, सगळं.

घरी जाताना मी बाईंना म्हटलं, "मी पण हेच विचारलं होतं ना?"

"नाही. तू त्यांना काय माहीत आहे ते विचारलंस. मी त्यांनी काय केलं ते विचारलं."

•

बाईंची दुसरी खोड म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारायचा आणि डाळ निवडायची. समोरचा बोलेपर्यंत एक शब्द नाही! ती शांतता मला सहन व्हायची नाही. कोणी दोन श्वास थांबलं की मीच उत्तर पुरवायची. "म्हणजे कीड लागू नये म्हणून, हो ना आजोबा?"

आजोबा म्हणायचे, "हो." संपलं!

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मी पुन्हा तोंड उघडलं, तर बाईंनी पारलेच्या पुड्यातली दोन बिस्किटं माझ्या हातात ठेवली. "दोन्ही एकदम खा," म्हणाल्या.

मला वाटलं, माया. मी खाल्ली. तोंड भरलेलं. तेवढ्या वेळात कोपऱ्यातल्या कौसल्याबाई बोलायला लागल्या. दाजीबांच्या थोरल्या वहिनी. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. मंडळात वर्षभर येऊन एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

तेव्हापासून बैठकीला माझ्यासमोर बिस्किटाचा पुडा असतो!

•

पेव सापडलं त्याची गोष्ट.

बाई त्या दिवशी धान्याच्या कोठारांवरचा उतारा वाचत होत्या. 'पेव' हा शब्द आला तशा थांबल्या. "पेव म्हणजे विहिरीसारखं असेल. सरळ खाली."

मला माहीत होतं की बाईंना पेव कसं असतं ते ठाऊक आहे. पण त्यांनी चेहरा असा केला की पहिलीतलं पोर वाटावं.

दाजीबा उसळले. "कोनं सांगितलं तुमाले? इहिरीसारखं कसं राहीन? रांजनावानी राह्यते! तोंड एवढंसं, मानूस अंग चोरून उतरते. पोट मोठं. खाली गेलं का तिघं बसतीन."

"आणि मातीला ज्वारी लागली की सडत नाही?"

"मातीले लागू देतेच कोन? आतून जाळ करून भिंती भाजून घेत. मंग खाली कडबा, बाजूनं कडबा, मंधात ज्वारी. वरतून फेर कडबा. त्याच्यावर झाकनाचा गोटा, गोट्यावर माती. हवा गेली नाई पायजे. चार-चार साल ज्वारी टिके!"

"गावात कुठं होतं एखादं?"

दाजीबांनी काठी उचलली आणि दारातून बाहेर रोखली.

"तुमी साऱ्याईनं चपला काढल्या नं, तिथी."

•

मी पेटले. दुसरा शब्द नाही. ज्या गावात चार-चार वर्षं ज्वारी राखायची विद्या होती, ते गाव आज किराणा दुकानातून पाव किलो पीठ आणतं! आठ दिवसांत मी दहा घरांकडून ज्वारी द्यायचं कबूल करून घेतलं. सरपंचांना पटवलं. वरची माती काढून झाकणाचा दगड मोकळा केला, पण हलवला नाही. तो मान रविवारचा. कारंज्याहून एक पत्रकार येणार होते. मी कार्यक्रमपत्रिका टाइप केली :

नऊ वाजता नारळ. सव्वानऊला झाकण काढणे. नऊ वीसला गजानन आत उतरेल, टॉर्चसह. साडेनऊला साफसफाईला सुरुवात. अकराला चहापान.

शुक्रवारी ती बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, हातातला उतारा बाजूला ठेवला. "आज हेच वाचू."

त्या मोठ्याने वाचायला लागल्या, धडा वाचावा तशा. एकेक ओळ वाचून थांबायच्या. नारळावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मग, "सव्वानऊला झाकण काढणे." बाईंनी कागद खाली केला. "दाजीबा, झाकण काढलं. मंग?"

"मंग घरी जायाचं."

"घरी?"

"हो. जेवाले."

समाजमंदिर हसून फुटलं! सरपंच हसले, गजानन मांडीवर थाप मारून हसला. आणि मी, मोठ्या आवाजात, "अहो दाजीबा, कार्यक्रम तर होऊ द्या, जेवण कुठे पळून जातंय!"

दाजीबांनी उपरणं झटकलं. "हसा. हसा बाप्पा." काठी टेकत उठले आणि गेले.

बाई हसल्या नव्हत्या. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. आयुष्यात त्या माझ्यावर फक्त तेव्हा ओरडल्या.

"माणूस एकदा दार उघडतो. त्यानं उघडलं, अन् तू दात दाखवलेस!"

•

बाईंची एक वही आहे. मला वाटायचं, त्यात म्हातारी माणसं सांगतात ते लिहीत असतील. त्या शुक्रवारी पाहिलं, तर उत्तर एकही नाही! नुसते प्रश्न. ज्याचं उत्तर मिळालं त्यावर रेघ, राहिला तो तसाच. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात. आणि ज्यानं सांगितलं त्यालाच त्याचं बोलणं पुन्हा ऐकवायचं, "असंच म्हणालात ना?" तो "हो" म्हणाला तरच रेघ मारायची.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती, रेघ नसलेली.

'झाकण काढल्यावर घरी का जायचं?'

शनिवारी सकाळी आम्ही दोघी दाजीबांकडे गेलो. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "बुढा तं सकायच्या यष्टीनं धनजले गेला, लेकीकडे. लय गरम होता."

"फोन?"

"त्याच्यापाशी कुठचा फोन? लेकीचा नंबर मायापाशी नाई."

बाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. "पुढं ढकल."

"बाई, पत्रकार येणार आहेत. दहा घरांनी ज्वारी काढून ठेवलीय. आता ढकललं तर परत कोणी येणार नाही. एका म्हाताऱ्याला भूक लागली होती म्हणून सगळं थांबवायचं?"

त्या वळून चालायला लागल्या. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

•

रविवार. नारळ फुटला. चौघांनी पहारी घालून दगड सरकवला.

आतून वास आला. आंबट. भिजवलेलं पीठ विसरून गेल्यावर येतो तसा. पत्रकारांनी नाकाला रुमाल लावला आणि फोटो काढला. मी टॉर्च आत मारला. काय सुंदर दिसलं! भाजलेल्या भिंती, खाली काळ्या कडब्याचा थर. टॉर्चचा उजेड लख्ख तळापर्यंत. मी म्हटलं, "गजू, बघ, सगळं दिसतंय. भ्यायचं काही नाही."

गजाननने कमरेला दोर बांधला आणि तोंडाशी बसला. पाय आत सोडले.

"ताई, फोटो मस्त काढजो बरं!"

त्याच वेळी बाई कौसल्याबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. कौसल्याबाई समाजमंदिराच्या ओट्यावरच थांबल्या, पेवाकडे पाठ करून. मला वाटलं, उन्हामुळे. बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि बाकी कोणी तिथे नसल्यासारख्या बोलायला लागल्या.

"कौसल्याबाई, पेवाचं झाकण काढलं की तुम्ही बायका काय करत होता?"

"आमी? आमी सैपाक."

"कोणासाठी?"

"उतरनाऱ्यासाठी. साऱ्याईसाठीच."

"मग तो जेवत कधी होता? वर आल्यावर?"

"नाई वं बाई. जेवूनच उतरे."

गजाननचे दोन्ही तळवे कडेवर टेकले होते. तो अंग उचलून आत सरकायच्या बेतात होता. मी कॅमेरा धरला होता.

"म्हणजे सकाळी झाकण काढलं, की दुपारी जेवून उतरायचा?"

"दुपारी कायचा? दुसऱ्या रोजी! रातभर उघडं ठेवत ते."

बाईंचा आवाज तसाच. जरासुद्धा चढला नाही. पण त्यांचा हात हवेत वर झाला होता, गजाननच्या दिशेने. वर्गात पोराला 'थांब' सांगावं तसा. गजानन त्यांचाच विद्यार्थी. तो थांबला.

"आणि दुसऱ्या दिवशी लगेच उतरायचा?"

"आंधी दिवा सोडत. चिमनी. दोरीनं, खाली."

"कशाला?"

"पाहाले."

"काय पाहायला?"

"जिती राह्यते का इझते ते." कौसल्याबाईंनी आता मागे वळून पाहिलं. गजानन दिसला, आत सोडलेले पाय दिसले. त्या किंचाळल्याच. "हे पोरगं आत काहून बसलं? झाकन काल काढलं नं?"

"आत्ता काढलं," मी म्हटलं.

"वढा त्याले! वढा भायेर!"

दोन माणसांनी गजाननला काखेत धरून वर उचललं. तो हसायचा प्रयत्न करत होता. "अवं आजी, काई नाई झालं."

सरपंच म्हणाले, "कौसल्याबाई, तुमाले मालूम होतं तं आजवर बोलल्या काहून नाई?"

"मले कोनं इचारलं?"

•

चिमणी आता कोणाच्या घरी असते? किराणा दुकानातून मेणबत्ती आणली. बादलीच्या तळाला मेण सांडून घट्ट बसवली, पेटवली, आणि गजाननने स्वतः दोर सोडला. सगळे वाकून पाहत होते. बाई ओरडल्या, "तोंडावर वाकू नका! मागे व्हा."

एक हात. ज्योत सरळ. दोन हात. ज्योत लहान झाली. अडीच हात, आणि ती गेली. फुंकर नाही, वारा नाही. पाण्यात बुडवावी तशी.

"हवा लागली असन," कोणीतरी म्हणालं.

आत हवा कुठली? तरी पुन्हा तीन मेणबत्त्या बसवून सोडल्या. तिन्ही त्याच जागी गेल्या. एकीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. वरून मारलेला माझा टॉर्च मात्र लख्ख तळापर्यंत पोचत होता.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पोरांना समजावलं. धान्य बंद जागेत हवेतला प्राणवायू संपवतं, सडलेला कडबासुद्धा. मागे उरतो तो वायू जड असतो, खड्ड्यात पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही. विजेच्या उजेडाला प्राणवायू लागत नाही. ज्योतीला लागतो. आणि माणसाला.

पत्रकारांनी विचारलं, "मग बातमी काय लिहू?"

गजानन म्हणाला, "लिहा, चहापान यळेवर झालं!"

कोणीही हसलं नाही. तो स्वतःसुद्धा.

•

पेव रात्रभर उघडं ठेवलं. कोणी पडू नये म्हणून भोवती बोरीच्या काट्या लावल्या. सोमवारी मेणबत्ती चार हातांपर्यंत जिवंत राहिली आणि मग गेली. म्हणजे रात्रही पुरेशी नव्हती.

सोमवारच्याच एसटीने दाजीबा परतले. त्यांनी रस्त्यातच सगळं ऐकलं होतं. थेट पेवाशी आले, काट्या पाहिल्या, बादली पाहिली, मला पाहिलं.

"सांगतलं तं होतं म्या! घरी जा म्हून!"

मी त्यांच्या पायाशी वाकले. ते मागे सरकले. "पायबिय सोड. लिंबाचे डगाले तोडून आन."

कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून तो पेवात खाली-वर, खाली-वर करायचा, रवी घुसळावी तसा. आतली हवा ढवळून वर येते. त्या वेळी तोंडाजवळ कोणी वाकायचं नाही, वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. तासभर घुसळल्यावर पुन्हा दिवा. दिवा तळाला लावून ठेवायचा आणि तो मंद होतो का ते पाहत बसायचं. "दिवा जिता राह्यला तरी घाई नाई. उतरनाऱ्याचा दोर वरतून दोघाईनं धराचा. त्यानं खालून बोलतच राहाचं. बोलनं बंद झालं का वढाचं. त्याच्या मांगं दुसऱ्यानं उडी नाई घ्याची. कोनाचा बाप असला तरी नाई!"

हे सगळं मी विचारलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, "दाजीबा, मंग?" आणि दोन बिस्किटं तोंडात टाकून बसले होते.

ग्रामसभेत ठरलं की कोणीच उतरायचं नाही. तोंडावर लोखंडी जाळी बसवली. दहा घरांची ज्वारी समाजमंदिरात सारवलेल्या कणग्यांमध्ये आहे, राखेत आणि लिंबाच्या पाल्यात. माझं पेवाचं स्वप्न गेलं. गजाननचं लग्न पुढच्या महिन्यात आहे.

•

त्यानंतरचा शुक्रवार. बैठक भरली होती, चहा वाटून झाला होता. बाईंनी वही उघडली, दाजीबांना त्यांचं सगळं बोलणं वाचून दाखवलं. ज्योत, लिंबाचा भारा, दोर, बोलत राहणं, मागे उडी न घेणं. "असंच म्हणालात ना?"

"हो."

बाईंनी रेघ मारली. मग नेहमीसारखं, सहज विचारलं, "दाजीबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनंच नाई."

"मग कसं कळलं?"

बाई डाळ निवडत राहिल्या. मी पुड्याला हात लावला नाही, तरी तोंड उघडलं नाही. बाहेर एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, एसटी गेली.

"मायाआंधी नामदेव उतरला होता," दाजीबा म्हणाले. "माहा मोठा भाऊ."

बाईंचा हात डाळीत थांबला.

कोपऱ्यातून कौसल्याबाई उठल्या. दाजीबांसमोरचा कप उचलून त्यांनी त्यांच्या हातात दिला.

"भाऊजी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."